एकरी किती सुटले? गव्हाच्या एका एकराचा हिशेब

मंडळी, गव्हाचा हिशेब मांडायला बसलो की आपण बियाण्यापासून सुरू करतो आणि हार्वेस्टरच्या भाड्यापर्यंत येतो. बेरीज करतो, गहू विकून आलेल्या पैशातून ती वजा करतो आणि उरेल त्याला नफा म्हणतो. यात चूक काही नाही. पण एवढ्याने पुढच्या वर्षी काय बदलायचे ते कळत नाही. म्हणून आज तोच हिशेब जरा वेगळ्या अंगाने मांडू.

मध्यम काळी जमीन, सोयाबीन निघालेले रान, विहिरीचे पाणी आणि १० नोव्हेंबरच्या आसपास पेरलेला सरबती गहू असे एक एकर धरू. मी सांगतो ते दर उदाहरणादाखल आहेत. तुम्ही आपापल्या गावचे घाला, पद्धत तीच राहील.

सोयाबीनच्या रानाला नांगरट बहुधा लागत नाही. दोनदा रोटा मारायचे ३,००० रुपये, ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने पेरणीचे १,००० आणि सारे पाडायचे ५००, असे ४,५०० झाले. बियाणे ४० किलो, ४५ रुपयांनी १,८००, आणि बीजप्रक्रियेचे १००. खताची शिफारस वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२०:६०:४० आहे. एकरी ती साधारण ४८ किलो नत्र, २४ किलो स्फुरद आणि १६ किलो पालाश होते. दुकानाच्या भाषेत सांगायचे तर डीएपीची एक गोणी १,३५० ची, युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्या ५३३ च्या आणि म्युरेट ऑफ पोटॅश २७ किलो, अंदाजे ९०० चे. खत टाकणाऱ्याची एक मजुरी ४०० धरली की खताचे ३,२०० होतात. तणनाशक आणि फवारणीचे ८००. पाण्याच्या सहा पाळ्या आणि प्रत्येक पाळीला दारे धरायला एक माणूस, म्हणजे २,४००. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाला राज्यात २०२४ पासून वीजबिल माफ आहे, पण मोटार फुकट दुरुस्त होत नाही. तिचे ६०० धरा. हार्वेस्टर २,२०० रुपये.

ही बेरीज १५,६०० होते. दारे तुम्ही स्वतः धरली तरी मजुरी लावायची, कारण त्या दिवशी तुम्ही दुसरीकडे कामाला जाऊ शकला असता.

आता एक खर्च मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. पोती, वाहतूक, हमाली आणि तोलाई हे खर्च एकराला नाही, क्विंटलला लागतात. दोन पोत्यांचे ४०, गाडीचे ५०, हमाली-तोलाईचे २०, असे क्विंटलमागे ११० रुपये गेले. बाजारात २,५०० भाव मिळाला तर हातात २,३९० पडतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे तोच लागणार आहे.

१५,६०० ला २,३९० ने भागा. साडेसहा क्विंटल येतात. म्हणजे पहिले साडेसहा क्विंटल दुकानदाराचे, ट्रॅक्टरवाल्याचे आणि मजुराचे. तुमचा गहू त्यानंतर सुरू होतो. सोळा क्विंटल झाले तर २२,६४० रुपये सुटतात. आठ क्विंटल झाले तर सुटतात ३,५२०. उत्पादन निम्मे झाले, पण नफा सहावा हिस्सादेखील उरला नाही. महाराष्ट्राची गव्हाची सरासरी एकरी सात-आठ क्विंटलच्या आसपासच घुटमळते, हे इथे आठवावे.

सरकार हमीभाव ठरवताना जो खर्च धरते, तो २०२६-२७ च्या खरेदी हंगामासाठी क्विंटलला १,२३९ रुपये आहे आणि हमीभाव २,५८५ आहे. आपल्या एकराला सोळा क्विंटल पिकले तर क्विंटलचा खर्च १,०८५ येतो, आठ पिकले तर २,०६०. सरकारचा आकडा देशभराच्या सरासरीचा आहे आणि त्यात पंजाब-हरियाणाचे एकरी वीस क्विंटलचे रान मोठ्या प्रमाणात आहे. शिवाय आपल्याकडे गव्हाची सरकारी खरेदी जवळजवळ नाहीच. तेव्हा हमीभाव पेपरात वाचावा आणि हिशेब आपल्या बाजार समितीच्या भावाने करावा.

सोळा आणि आठ यांतला फरक कुठे पडतो, हा खरा प्रश्न. गव्हाचे उत्पादन तीन आकड्यांच्या गुणाकाराने ठरते. चौरस मीटरला ओंब्या किती, एका ओंबीत दाणे किती, आणि दाण्याचे वजन किती. ३०० ओंब्या, ३४ दाणे आणि हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम असेल तर चौरस मीटरला ४०८ ग्रॅम गहू होतो. एकरात ४,०४७ चौरस मीटर असतात, म्हणजे साडेसोळा क्विंटल. कापणीत थोडी सांड गेली की सोळा. आता २०० ओंब्या, ३० दाणे आणि ३४ ग्रॅम धरा. तिन्ही आकडे थोडे थोडेच उतरले, पण गुणाकार सव्वाआठ क्विंटलवर आला. म्हणून शेतकरी म्हणतो, "पीक तर बरे दिसत होते, उतारा का पडला नाही?" बांधावरून उंची दिसते, हा गुणाकार दिसत नाही. कापणीच्या आठ दिवस आधी काठ्यांची एक मीटरची चौकट करून शेतात पाच ठिकाणी टाका आणि ओंब्या मोजा. कोणता आकडा घसरला ते कळते, आणि त्यावरून चूक कधी झाली तेही कळते.

ओंब्या कमी असतील तर चूक पहिल्या महिन्यात झाली आहे. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात आणि त्याच सुमारास फुटवे येतात. हे पाणी चुकले की फुटवे गेले, पुढे चार पाळ्या जास्त दिल्या तरी ते परत येत नाहीत. याच पाण्याबरोबर उरलेला निम्मा नत्र द्यायचा. पेरताना डीएपीची पूर्ण गोणी, सगळे पालाश आणि ३३ किलो युरिया, आणि एकविसाव्या दिवशी ५२ किलो युरिया. पाचेक किलो उरेल, ते उरू द्या. दुसरे कारण फेकून पेरण्याचे. फोकून वर रोटा मारला की काही बी वर राहते, काही चार बोटे खाली जाते. ते भरून काढायला लोक साठ किलो टाकतात. जास्तीच्या वीस किलोचे ९०० रुपये म्हणजे ३८ किलो गहू, आणि तरीही रान ठिपक्याठिपक्यांनी उगवते. बी पाच-सहा सेंटीमीटरवर, ओलीत पडले पाहिजे.

ओंबीत दाणे कमी असतील तर कांडी धरताना, म्हणजे ४० ते ४५ दिवसांनी, किंवा फुलोऱ्यात, ६० ते ६५ दिवसांनी, ताण पडला आहे. विहिरीत पाणीच थोडे असेल तर निवड करावी लागते. तीन पाळ्या होणार असतील तर एकविसावा, बेचाळिसावा आणि पासष्टावा दिवस धरा. दोनच असतील तर एकविसावा आणि पासष्टावा. एकच असेल तर बेचाळिसाव्याच्या आसपास, पण मग मी म्हणेन त्या रानात हरभरा करा.

प्रत्येक खर्च गव्हात मोजायची सवय लावा. एक मजुरी १७ किलो गहू, डीएपीची गोणी ५६ किलो, युरियाची गोणी फक्त ११ किलो. एकविसाव्या दिवशी माणूस मिळाला नाही म्हणून पाणी पाच-सात दिवस लांबवणारा १७ किलो वाचवतो आणि क्विंटल-दोन क्विंटल घालवतो. आणि युरिया अकरा किलोतच मिळतो, म्हणून तिसरी गोणी टाकायचा मोह होतो. रान हिरवेगार होते, गडी खूश होतो. मग ओंबी भरताना पाणी दिले आणि त्या रात्री वारा सुटला की गहू लोळतो. लोळलेल्या गव्हात हार्वेस्टरचे पाते खाली घेता येत नाही, ओंब्या रानातच राहतात. हिशेबात ११ किलोची नोंद असते, नुकसान मात्र कुठेच लिहिलेले नसते.

दाण्याचे वजन कमी असेल तर बहुधा पेरणी उशिरा झाली आहे. दाणा भरायच्या वेळी फेब्रुवारी-मार्चचे ऊन लागले की दाणा लवकर पक्व होतो आणि चिमतो. १५ नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल, म्हणजे एकरी एक क्विंटल घट धरतात. कपाशी काढून १५ डिसेंबरला पेरले तर सोळाचे चौदा झाले. उशिराच्या पेरणीला बियाणेही पन्नास किलो लागते, म्हणजे आणखी ४५० रुपये. सुटले १७,४१०. यंदा ऊन लवकर तापले तर त्याहून कमी.

विकताना एक गोष्ट पाहा. हार्वेस्टरचा गहू पंधरा टक्के ओलाव्याचा असेल आणि तो बारा टक्क्यांवर वाळवला तर सोळा क्विंटलचे साडेपंधरा होतात. ओला म्हणून व्यापारी १५० रुपये कापत असेल तर क्विंटलला हातात २,२४० पडतात, सोळाचे ३५,८४०. वाळवून साडेपंधरा २,३९० ने ३७,०४५. ताडपत्री आणि दोन दिवस असतील तर वाळवणे परवडते. कपात पन्नासचीच असेल तर तसाच घाला. दारात चार जनावरे असणाऱ्याने मात्र हार्वेस्टर सांगण्याआधी भुशाची किंमत करावी. कापणीला सहा माणसांचे २,४०० आणि मळणी क्विंटलला २०० ने ३,२००, म्हणजे हार्वेस्टरपेक्षा ३,४०० जास्त. तेवढ्याचा भुसा विकत घ्यावा लागत असेल, तर विळ्यानेच कापा.

शेवटी जमिनीचा खंड. स्वतःची जमीन असली की तो आपण धरत नाही. रब्बीपुरती दुसऱ्याला दिली असती तर एकरी १०,००० आले असते असे समजा. ते खर्चात घातले की खर्च २५,६०० होतो आणि हात बाहेर काढायलाच पावणेअकरा क्विंटल लागतात. सोळा क्विंटलवाल्याला १२,६४० सुटतात, डिसेंबरात पेरणाऱ्याला ७,४१०. आठ क्विंटलवाला ६,४८० रुपये तोट्यात जातो. खंडाने रान घेऊन गहू करणाऱ्याने कपाशीची शेवटची वेचणी धरून ठेवायची की रान मोकळे करायचे, हे याच आकड्यांवर ठरवावे. त्या वेचणीत मजुरी जाऊन दोन क्विंटल गव्हाएवढे, म्हणजे ४,७८० रुपये, आणि वरचे बियाण्याचे ४५० सुटणार नसतील, तर पऱ्हाट्या उपटून नोव्हेंबरातच पेरा.