कागदाची न छापणारी कड

(कोल्हापुरात डीटीपी ऑपरेटर आणि झेरॉक्स सेंटरवाल्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, वर्डमध्ये पानाचे मार्जिन ठरवायला गेलं की कधीतरी एक चौकट उगवते: `One or more margins are set outside the printable area of the page.` खाली `Fix` आणि `Ignore`. आपल्याकडे गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, त्यामुळे बहुतेक जण न वाचताच `Ignore` दाबतात.

मुळात हे वर्डचं स्वतःचं मत नव्हे. निवडलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर सांगतो की या कागदावर मला एवढ्याच भागात छापता येतं, आणि वर्ड तो आकडा तुमच्या मार्जिनशी ताडून बघतं. म्हणूनच तीच फाईल एका प्रिंटरवर मुकाट्यानं निघते आणि दुसरा प्रिंटर निवडला की कुरकुरते. पीडीएफला तर कागदच नाही. तिथं कुरकुर नसते, पण पुढं खऱ्या मशीनवर कड कापली जातेच.

आता ही कड सोडावी का लागते? लेसर प्रिंटरमध्ये ड्रमवरची टोनरची पूड कागदावर उतरते आणि कागदाच्या मागं ट्रान्सफर रोलर असतो. कागद आत जाताना मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकतो, थोडा तिरका होतो. चित्र थेट कडेपर्यंत असेल तर जिथं कागद पोचला नाही तिथली पूड त्या रोलरवर पडते आणि पुढच्या कागदाची पाठ काळी होते. दुसरं संकट फ्यूजरमध्ये. तिथं टोनर वितळून चिकट होतो. कागदाची पुढची कडच टोनरनं भरलेली असेल तर ती तापलेल्या रोलरला चिकटून त्याच्याभोवती गुंडाळली जाते. भाकरीची कड तव्याला धरली की उलथनं खाली शिरत नाही, तसंच. पुढची कड कोरी असली की कागद सुटतो. म्हणून बऱ्याच लेसर प्रिंटरमध्ये चारी बाजूंना सुमारे 4.2 मिमी सोडलेले असतात.

इंकजेटचं दुखणं वेगळं. तिथं कागद रोलरनं पकडून हेडखालून थोडा थोडा पुढं ढकलतात. मागची कड रोलरमधून सुटली की पकड ढिली होते, कागद नेमका सरकत नाही आणि पट्टे दिसू लागतात. म्हणून जुन्या इंकजेटमध्ये खालची कड बाकी कडांपेक्षा बरीच मोठी असते. बॉर्डरलेस छापणारे प्रिंटर चित्र किंचित मोठं करून जास्तीची शाई कागदाबाहेर, खालच्या स्पंजवर उडवतात. शाईला ते चालतं, लेसरच्या पुडीला नाही.

एक उदाहरण घेऊ. तालमीच्या कुस्ती मैदानाची प्रमाणपत्रं, ए4. चारी मार्जिन 0.1 इंच, म्हणजे 2.5 मिमी, आणि तिथूनच सुरू होणारी 3 मिमी जाडीची नक्षीदार चौकट. प्रिंटर 4.2 मिमी सोडतो. `Ignore` दाबलंत तर चौकटीचे बाहेरचे 1.7 मिमी जातात, 1.3 उरतात. त्यात कागद मिलिमीटरभर सरकला की एका बाजूला पांढरी पट्टी 3.2 आणि समोर 5.2 मिमी. पैलवानाला वाटतं प्रमाणपत्र वाकडं छापलंय. `Fix` दाबलंत तर मार्जिन वाढतात, मजकूर आत ढकलला जातो आणि पानात आधीच दाटी असेल तर सह्यांची ओळ दुसऱ्या पानावर जाते. तिसरी पळवाट पीडीएफ छापताना `Fit` करण्याची. 201.6 मिमीत 210 मिमी बसवायचे म्हणजे सगळं 96 टक्के होतं. प्रमाणपत्राला ते खपेल, पण छापील फॉर्मच्या रकान्यात नाव बसवायचं असेल तर 10 सेंमीवरचं अक्षर 9.6 वर जातं.

`Fix` चा मला आवडणारा उपयोग वेगळाच आहे. रिकाम्या पानाला चारी मार्जिन शून्य द्या आणि `Fix` दाबा. मार्जिनच्या खान्यांत जे आकडे येतील ती ड्रायव्हरनं सांगितलेली कड. मग पानभर करड्या रंगाचा आयत काढून 100 टक्क्यांवर छापा आणि पट्टीनं मोजा. आकडे जुळले नाहीत तर आधी कागदाचा आकार तपासा. ड्रायव्हरमध्ये लेटर राहिलेला असतो, आणि तो ए4 पेक्षा जवळजवळ 18 मिमी आखूड.

साध्या लेसरवरच काढायचं असेल तर चौकट कडेपासून 8-10 मिमी आत घ्या. तिथं मिलिमीटरचा फरक डोळ्याला खुपत नाही. रंग अगदी कडेपर्यंतच हवा असेल तर मोठ्या कागदावर छापून कापण्याला पर्याय नाही. वर्डमध्ये पान 216 × 303 मिमी करा, म्हणजे चारी बाजूंना 3 मिमी ब्लीड. रंग त्या पानाच्या टोकापर्यंत न्या, मजकूर आत ठेवा. एसआरए3 कागद 320 × 450 मिमी असतो. अशी दोन पानं शेजारी ठेवली की 432 × 303 होतात, भोवती साडेआठ-नऊ मिमी उरतात. मशीनची न छापणारी कड त्यात जाते, कटिंगच्या खुणाही बसतात. प्रेसला पीडीएफ देताना मात्र `Actual size` वर छापायला बजावून सांगा.