साठावी ओळ

(फोनवरचं चित्रीकरण. शोरूम, गाडीची डिलिव्हरी.)

लाल कापड सरकतं, नारळ फुटतो, थर्माकोलची हातभर किल्ली हातात येते आणि सगळे फोटोला उभे राहतात. पाच वर्षांपूर्वीची ही सकाळ. हडपसरच्या या कुटुंबाला तेव्हा एकच आकडा पाठ होता: 16,781 रुपये हप्ता.

(टेबलावर कर्जाची फाइल.)

दहा लाखांचं कर्ज, पाच वर्षं, 9 टक्के व्याज. साधा हप्ता 20,758 बसला असता. इथे चार हजार कमी, कारण मुद्दलातले तीन लाख शेवटासाठी राखून ठेवलेत. यालाच बलून म्हणतात. त्या तीन लाखांवरही साठ महिने व्याज चालूच असतं. सगळी बेरीज केली तर हलक्या हप्त्याचं हे कर्ज साध्या कर्जापेक्षा सुमारे 61 हजारांनी महाग पडतं. पहिल्या पानावर हप्त्याभोवती पेनाने गोल केलाय. परतफेडीचा तक्ता मागे, तिथे साठावी ओळ: 3,16,781.

1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर झालेल्या अशा कर्जांसोबत हा तक्ता आणि खरा वार्षिक दर दाखवणारं विवरणपत्र देणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलंय. ही फाइल त्याआधीची.

(फाइलमधलं वेगळं पत्र.)

"तीन लाखांचं टेन्शन नको, गाडी आम्हीच घेऊ." डीलरच्या या आश्वासनाचं हे पत्र. अकरा लाखांच्या एक्स-शोरूम किमतीवर 40 टक्के, म्हणजे 4 लाख 40 हजार. बलून फेडून 1 लाख 40 हजार उरणार, त्यात नव्या गाडीचं डाउन पेमेंट. पण हे पत्र डीलरचं आहे. बँकेची त्यावर सही नाही. अटी खाली, बारीक अक्षरात.

(वर्कशॉप. इन्स्पेक्टर गाडीभोवती फिरतोय.)

हातातलं छोटं यंत्र पत्र्याला टेकवलं की रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये दिसते. बॉनेटवर 110. डाव्या दरवाजावर 118. मागच्या फेंडरवर 270. म्हणजे तिथे पुट्टी भरून पुन्हा रंग मारलाय. कधीतरी पार्किंगमध्ये घासलं होतं, विमा क्लेम घेतला होता. पत्रात 'क्लेम नसावा' असं लिहिलंय. मग टॉर्च टायरवर, मग काचेच्या कोपऱ्यातल्या तारखेवर, काच बदललीय का ते बघायला. शेवटी मीटर: 92,340 किलोमीटर. मर्यादा 75,000. रोज हडपसर ते हिंजवडी जाणाऱ्याला ती कशी पुरणार, हे गाडी विकताना कुणी विचारलं नव्हतं.

पत्र बाद. हातावर ठेवलेला भाव 3 लाख 20 हजार.

(घर. आरसी बुक.)

बलून फिटल्याशिवाय आरसीवरचा बोजा उतरत नाही. गाडी विकली तर हाती वीस हजार आणि पायी प्रवास, म्हणून गाडी ठेवली. तीन लाखांचं नवं कर्ज काढलं, जुन्या गाडीचं म्हणून 14 टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. हप्ता 10,253.