टोपीची कड कुठे टेकते?

नमस्कार श्रोतेहो. केस विरळ व्हायला लागले की माणूस दुकानात जाऊन म्हणतो, “डोकं झाकेल अशी टोपी द्या.” आता डोकं काय, कुठलीही टोपी झाकते. बघायचं असतं ते तिची कड कपाळावर कुठे टेकते.

केस मागे सरकले की कपाळ वाढतं आणि चेहरा लांब दिसू लागतो. हाडं तीच असतात. टोपी घातली की तिची कड हीच समोरच्याला केसांची रेषा वाटते. ती भुवयांच्या वर दोन बोटांवर आली, तर वाढलेलं कपाळ हिशेबातूनच जातं.

माझ्या मेहुण्यांचंच सांगते. मुळात लांबट चेहरा, त्यात कपाळाचे दोन्ही कोपरे रिकामे झालेले. त्यांनी पुढून ताठ उभी राहणारी कॅप घेतली. एक तर त्या उंचीनं चेहरा आणखी ताणला गेला, वर ती सारखी मागे सरकायची आणि नेमके कोपरे उघडे पडायचे. ते म्हणायचे, टोपीच निसरडी आहे. मी टेप घेतली. कानांच्या जरा वरून, कपाळाच्या मधून आणि मागे डोक्याच्या फुगीर भागावरून फिरवली, तर माप निघालं 58 सेंटीमीटर. कॅप होती 56 ची. लहान टोपी खाली बसतच नाही, वर चढते. मग 59 ची, मऊ कापडाची, बसक्या माथ्याची हॅट घेतली. सगळीकडून पाच-सहा सेंटीमीटर बाहेर पसरलेला घेर असलेली. तो आडवा घेर चेहऱ्याला रुंदी देतो.

गोल चेहऱ्याला उलट उंची हवी. टोपीचा माथा थोडा उंच, वर चिमटीत धरल्यासारखा दाबलेला. डोक्याला चिकटून बसणारी लोकरी टोपी गोलाई उघड करते, ती टाळा. हॅट जराशी तिरकी घातली तर छानच. फक्त ज्या बाजूचे केस जास्त गेलेत, ती बाजू खाली ठेवा. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

माथ्यावरच विरळ असेल तर विणीकडे लक्ष द्या. टोपी दिव्यासमोर धरा. आरपार उजेड आला तर उन्हात तिच्यातून टाळूही दिसेल. जाळीच्या कॅप इथेच फसवतात. मागे पट्ट्याच्या वर अर्धगोल खिडकी असते, तीही हातात आरसा धरून मागून बघा.

आणि टोपी काढायची वेळ येतेच. घामानं विरळ केस चिकटतात, टाळू जास्तच दिसते. म्हणून आत सुती पट्टी असलेली निवडा, आणि टोपी उतरवली की मुळांशी बोटं फिरवून केस मोकळे करा. कंगवा नको, तो त्यांना पुन्हा चापून बसवतो.