थाळीला दचकली, म्हणजे ऐकू येतं?

चोपड्याहून निघालेली एसटी तापी ओलांडून जळगावकडे चाललीय. खिडकीशी बसलेल्या आईच्या मांडीवर सात आठवड्यांची लेक आहे. बस हलतेय, लेकीचे डोळे मिटतायत, आणि आई तिच्या तळपायाला गुदगुल्या करून तिला जागं ठेवतेय. शेजारच्या बाईला याचं नवल वाटतंय.

बाळंतपण माहेरी झालं. दुसऱ्या दिवशी लेकीच्या कानात मऊ टोकाची बारीक नळी ठेवून तपासणी झाली. तिला ओएई म्हणतात. आवाज पोचला की निरोगी आतला कान उलट एक अगदी क्षीण आवाज काढतो, तो मशीन टिपतं. उजवा कान पास झाला. डाव्यापुढे लिहिलं होतं, ‘रेफर’.

रेफर म्हणजे बहिरेपण नव्हे. जन्मावेळचा चिकट पांढरा थर कानात राहिला, पडद्यामागे पाणी असलं किंवा बाळ रडत असलं, तरी रेफर येतं. म्हणून काही दिवसांनी पुन्हा तपासतात, आणि तेही दोन्ही कान. पंधराव्या दिवशी या लेकीचे दोन्ही कान रेफर आले.

आजीनं मात्र घरीच निकाल लावला होता. “पोरले आयकू येस. थाळी वाजाडी तं दचकनी ना!” आजी खोटं बोलत नव्हती. पण थाळीचा दणका मोठा असतो, कमी ऐकू येणारं बाळही त्याला दचकतं. शिवाय हात हललेला दिसतो, खाट हादरते. हळू बोललेलं ‘स’ किंवा ‘श’ ऐकू येतं का, हे थाळी सांगत नाही. रेफरच्या चिठ्ठ्या हरवतात त्या याच टप्प्यावर. बाळ सासरी जातं आणि कागद माहेरच्या पिशवीत राहतो.

दुसऱ्या रेफरनंतर पुन्हा पुन्हा ओएई करत बसायचं नाही, बेरा करायची. कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतं ते पाहतात. त्यासाठी बाळ गाढ झोपलेलं लागतं. तीन महिन्यांच्या आत ते दूध पिऊन आपसूक झोपतं. नंतर बऱ्याचदा औषध देऊन झोपवावं लागतं. म्हणून एसटीत झोप नाही, आणि दूध तिथे पोचल्यावर. (जन्मल्यावर काचेच्या पेटीत पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाची ओएई पास झाली, तरी बेरा हवीच. ओएई कान तपासते, कानामागची नस नाही.)

जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र याच कामासाठी आहे. बेरा तिथे कोणत्या दिवशी होते, ते मात्र आधी फोनवर विचारून निघावं.

निदान तीन महिन्यांच्या आत, उपचार सहाच्या आत, असा हिशेब आहे. या लेकीला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, असं बेरात दिसलं. चौथ्या महिन्यात कानांना ऐकण्याचं मशीन बसलं.

पाचव्या महिन्यात मशीन शिट्टी वाजवू लागलं. बिघडलं म्हणून आजीनं ते डब्यात ठेवून दिलं. मशीन ठीक होतं. कान वाढला होता, कानातला साचा सैल झाला होता. नव्या साच्यासाठी मायलेकी परत एसटीत बसल्यात. आज लेकीला झोपायची मुभा आहे.