रिपीट ऑर्डरचे तास किती धरायचे?

(नाशिकमध्ये लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. अंबड-सातपूर भागात कंट्रोल पॅनेल बांधणारी वर्कशॉप बरीच आहेत, म्हणून आज उदाहरण पॅनेलचंच घेऊ.

समजा, एकाच ड्रॉइंगच्या ८ पॅनेलची ऑर्डर नुकतीच पूर्ण झाली. पहिल्या पॅनेलला ४० तास लागले, आठही मिळून १९६.५. म्हणजे सरासरी एका पॅनेलला २४.६ तास. आता गिऱ्हाईक म्हणतं, "असेच आणखी २४ हवेत, भाव कळवा." मजुरीचे तास किती धरायचे?

सर्रास केला जातो तो हिशेब म्हणजे २४.६ गुणिले २४, सुमारे ५९० तास. काम मात्र ३७१ तासांच्या आसपास होईल. या सुमारे २२० तासांच्या फरकापायी ऑर्डर दुसरीकडे जाऊ शकते. म्हणून ३७१ हा आकडा येतो कुठून, ते नीट पाहू.

टी. पी. राइट या अमेरिकी विमान अभियंत्याने १९३६ साली विमानबांधणीच्या मजुरीबद्दल एक नियम मांडला. एकूण बांधलेल्या नगांची संख्या दुप्पट झाली, की प्रतिनग सरासरी तास दरवेळी ठरावीक टक्क्यांवर येतात. विमानांसाठी तो टक्का ८० होता. इथे लक्षात ठेवायचं ते 'दुप्पट'. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना जेवढ्या टक्क्यांनी घट होते, तेवढीच पुढे सोळावरून बत्तीसवर जाताना होते. म्हणून सुरुवातीला वेळ झपाट्याने उतरतो आणि पुढे उतार मंदावतो.

आपल्या पॅनेलचा टक्का ८५ आहे. १ नगाला सरासरी ४०, २ नगांना ३४, ४ नगांना २८.९, ८ नगांना २४.६, १६ नगांना २०.९ आणि ३२ नगांना १७.७५. नवी ऑर्डर म्हणजे नववं ते बत्तिसावं पॅनेल. म्हणून ३२ पॅनेलचे एकूण तास काढायचे, ते ५६८ भरतात, आणि त्यातून आधीच खर्च झालेले १९६.५ वजा करायचे. उरतात सुमारे ३७१. प्रत्येकी साडेपंधरा तास. १७.७५ला थेट २४ने गुणणं हीसुद्धा चूकच, कारण त्या सरासरीत पहिल्या आठांचे महागडे तास मिसळलेले आहेत. तसं केलं तर ४२६ तास येतात.

नग दुपटीत बसत नसतील तर स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र टाका. २६च्या जागी हवी ती संख्या घातली की तेवढ्या नगांची सरासरी मिळते:

```
=40*26^(LN(0.85)/LN(2))
```

इथे एक खड्डा आहे. राइटच्या नियमाची रेषा सरासरीची आहे. नंतर क्रॉफर्ड यांनी दुसरी पद्धत वापरली, तिच्यात घटतात ते त्या-त्या नगाचे स्वतःचे तास. त्याच ४० तासांवर आणि त्याच ८५ टक्क्यांवर आठव्या पॅनेलला राइटच्या पद्धतीने सुमारे १९ तास येतात, क्रॉफर्डच्या पद्धतीने साडेचोवीस. आठांची बेरीज एकीकडे १९६.५, दुसरीकडे २३७. कोणती पद्धत चूक, हा प्रश्नच नाही. पण एका पद्धतीने काढलेला टक्का दुसऱ्या पद्धतीच्या सूत्रात घातला तर कोटेशन फसतं. कोणी "आमचा पंच्याऐंशी टक्के आहे" म्हणालं, तर आधी विचारा: सरासरीचा की नगाचा?

आपला टक्का आपल्याच जॉब कार्डावरून काढावा. ८ नगांच्या सरासरीला ४ नगांच्या सरासरीने भागा, ४च्या सरासरीला २च्या. पहिल्या-दुसऱ्या नगाच्या जोडीवर एकट्यावर विसंबू नका. पहिल्या पॅनेलच्या वेळी बहुधा एखादा कॉन्टॅक्टर उशिरा आलेला असतो किंवा ड्रॉइंगमध्ये दुरुस्ती झालेली असते.

मग हे तास वाचतात कुठे? हाताचा वेग वाढतो, पण खरी बचत त्यात फारशी नसते. पहिल्या पॅनेलला वायरमन प्रत्येक जोडणीसाठी ड्रॉइंगकडे वळतो, टर्मिनल शोधतो, वायर डक्टमधून धरून बघतो आणि मग कापतो. फेरूल चढवायला विसरला तर लग कापून पुन्हा क्रिम्प करतो. तिसऱ्या-चौथ्या पॅनेलपर्यंत वायरच्या लांब्या ठरलेल्या असतात, म्हणून सगळ्या वायरी एकदम कापून, फेरूल घालून, जुडी बांधून ठेवता येतात. टेस्टिंगला सापडणाऱ्या चुकाही कमी होतात, आणि चूक शोधण्यात जाणारा वेळ फार मोठा असतो. त्या लांब्या आणि फेरूल नंबर कागदावर उतरले नाहीत, तर हे सगळं शिक्षण एका वायरमनच्या डोक्यातच राहतं.

मशीन मात्र शिकत नाही. दारावर पुशबटणांची भोकं सीएनसीवर पाडायला पहिल्या नगाला जेवढा वेळ, तेवढाच तिसाव्याला. ठोकताळा असा, की तीन चतुर्थांश काम हाताचं असेल तर ८० टक्के, अर्धं असेल तर ८५, एक चतुर्थांश असेल तर ९० धरावे. मोजलेला आकडा हाती आला की ठोकताळा सोडून द्यावा.

आता सर्वांत जास्त नुकसान करणारी गोष्ट: खंड. ८ पॅनेल झाल्यावर सहा-आठ महिने गेले आणि वायरमनही बदलला, तर नवं काम नवव्या नगापासून सुरू होत नाही. राइटच्या नियमानुसार नवव्याला स्वतःचे साडेअठरा तास लागायला हवेत, म्हणजे नवांच्या एकूण तासांतून आठांचे वजा करून उरतात तेवढे. खंडानंतरच्या पहिल्या पॅनेलला २५ लागले, तर अशाच काढलेल्या त्या-त्या नगाच्या तासांत २५ कुठे बसतात ते पाहा. ते तिसऱ्या नगाजवळ बसतात. म्हणजे आपण तिसऱ्यावर परत आलो, आणि पुढचे २४ नग म्हणजे तिसरा ते सव्विसावा. सव्विसांचे ४८४ तास, वजा दोघांचे ६८. उरतात ४१६. खंडाची किंमत ४५ तास. ती कोटेशनमध्ये धरायची की गिऱ्हाइकाला "लागोपाठ ऑर्डर द्या, एवढी सूट देतो" म्हणायचं, हे आकडा हातात असला तरच ठरवता येतं.

रेषा तपासायला दोन्ही अक्षांवर लॉग असलेला कागद घ्या. आडव्या अक्षावर एकूण नग, उभ्यावर सरासरी तास. ठिपके सरळ रेषेत उतरले तर ठीक. मध्येच पायरी वर चढली तर खंड, नवा माणूस किंवा बदललेलं ड्रॉइंग शोधा. शेवटचे ठिपके वर वळले, तर बहुधा चांगला वायरमन पुढच्या जॉबवर हलवलेला असतो किंवा सामानाअभावी राहिलेली पॅनेल शेवटी एकत्र पुरी होत असतात. सरासरीत हे वळण दबून जातं, म्हणून त्या-त्या नगाचे तासही शेजारी मांडावेत.

आणि ठिपके अचानक खाली पडले तर लगेच खूश होऊ नका. वायरच्या जुड्या बाहेरून तयार करून घेतल्या असतील, तर तास आपल्या कार्डावरून उतरून खरेदीच्या बिलात गेलेले असतात. टेस्टिंगनंतरची दुरुस्ती वेगळ्या कार्डावर लिहिली जात असेल, तरी तेच होतं. म्हणून कार्डावर तासांसोबत तीन गोष्टी लिहून घ्या: पॅनेल एकूण कितवं, वायरमन कोण, आणि दुरुस्तीचे तास किती.