e^π मोठी संख्या की π^e?

[पडद्यावर दोन संख्या शेजारी शेजारी: e^π आणि π^e]

समोर दोन संख्या आहेत. डावीकडे पाया e आणि घातांक π. उजवीकडे पाया π आणि घातांक e. e म्हणजे साधारण २.७१८ आणि π म्हणजे साधारण ३.१४२. दोन्हीकडे माणसं तीच, फक्त जागांची अदलाबदल झाली आहे. यातली मोठी संख्या कोणती, हे कॅल्क्युलेटरला हात न लावता सांगायचं आहे.

बहुतेकांच्या मनात आधी येतं ते हे, की जवळचे पूर्णांक घेऊन बघू. पण e ला सगळ्यात जवळचा पूर्णांक ३, आणि π लाही ३. दोन्हीकडे २७ येतात आणि प्रश्न तसाच राहतो.

मग साध्या पूर्णांकांवर काही नियम दिसतो का ते पाहू. २ चा तिसरा घात ८, तर ३ चा दुसरा घात ९. इथे मोठा पाया जिंकला. आता ३ आणि ४ घ्या. ३ चा चौथा घात ८१, तर ४ चा तिसरा घात फक्त ६४. इथे मोठा घातांक जिंकला, आणि तोही चांगल्या अंतराने. २ आणि ४ घेतले तर दोन्हीकडे १६, म्हणजे बरोबरी. तीन जोड्या घेतल्या आणि तिन्हींचा निकाल वेगळा लागला.

"घातांक मोठा असेल तिकडची संख्या मोठी" असं सहज म्हटलं जातं, पण पहिल्याच जोडीने ते खोटं ठरवलं. मात्र या तीन जोड्या एक खूण देऊन जातात. कुठेतरी २ आणि ४ यांच्या दरम्यान वागणूक उलटते. ती जागा नेमकी कोणती, हे कळलं की आपल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल.

[पडद्यावर: a^b आणि b^a]

अडचण कशाची आहे? a^b मध्येही a आणि b दोन्ही आहेत, b^a मध्येही दोन्ही आहेत. ते एकमेकांत इतके गुंतलेत की एकट्या a बद्दल काही बोलताच येत नाही. ही गाठ सोडवायला दोन पायऱ्या पुरतात. आधी दोन्ही बाजूंचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा. संख्या मोठी तर तिचा लॉगही मोठा, त्यामुळे तुलना बिघडत नाही. डावीकडे उरतं b गुणिले ln a, उजवीकडे a गुणिले ln b. आता दोन्ही बाजूंना ab ने भागायचं. a आणि b धन आहेत, म्हणून तुलनेची दिशा तीच राहते. आणि समोर येतं हे.

[पडद्यावर: ln a / a आणि ln b / b]

डावीकडे आता फक्त a आहे आणि उजवीकडे फक्त b. या सगळ्या सोडवणुकीत मला हीच पायरी सगळ्यात सुंदर वाटते. दोन संख्यांची झुंज होती, तिचं एकाच फलाच्या दोन किमतींच्या तुलनेत रूपांतर झालं. ते फल आहे ln x / x. याचा आलेख एकदा काढला की अशा कुठल्याही जोडीचा निकाल त्यावर वाचता येतो.

[पडद्यावर y = ln x / x हा वक्र हळूहळू उमटतो]

x शून्याच्या जवळ असताना वक्र खूप खोल, ऋण बाजूला असतो. x = १ ला तो शून्यावर येतो, कारण १ चा लॉग शून्य. २ ला किंमत साधारण ०.३४६६. ३ ला ०.३६६२. ४ ला पुन्हा ०.३४६६, अगदी २ ला होती तीच. दोन्हीकडे १६ आले होते त्याचं कारण हेच. पुढे वक्र उतरतच जातो. १० ला ०.२३०३, १०० ला ०.०४६१. शून्याच्या कितीही जवळ जातो, पण शून्याला टेकत नाही.

म्हणजे वक्र चढतो, एका ठिकाणी माथा गाठतो आणि उतरतो. माथा कुठे आहे ते शोधायला डेरिव्हेटिव्ह काढू, म्हणजे वक्राचा प्रत्येक ठिकाणचा उतार.

[पडद्यावर: (1 − ln x) / x²]

छेदात x चा वर्ग आहे, तो नेहमी धन. म्हणून उताराचं चिन्ह ठरवतो तो एकटा अंश, १ वजा ln x. ln x एकपेक्षा लहान असेपर्यंत वक्र चढतो, एकपेक्षा मोठा झाला की उतरतो. आणि ln x नेमका एक होतो तो x = e ला. माथा e वर आहे, आणि तिथली उंची १/e, म्हणजे साधारण ०.३६७९.

उत्तरपत्रिकेत इथे एक गोष्ट हमखास सुटते. "e ला उतार शून्य आहे, म्हणून e ला फलाची किंमत सर्वांत मोठी" एवढं लिहून पुढे जातात. उतार शून्य तर खळग्याच्या तळाशीही असतो. शिवाय इथला माथा उंच असला तरी दुसरीकडे कुठे त्याहून उंच नाही, हेही सांगायला हवं. आपण मात्र चिन्ह पाहिलं आहे. e च्या डावीकडे सगळीकडे चढ, उजवीकडे सगळीकडे उतार. त्यामुळे e ची उंची सगळ्यांहून जास्त आहे यात शंका उरत नाही.

आता निकाल. π हा e पेक्षा वेगळा आहे, म्हणून त्याची उंची माथ्यापेक्षा कमी असणारच.

[पडद्यावर, एकाखाली एक: ln e / e > ln π / π, मग π ln e > e ln π, मग ln(e^π) > ln(π^e), शेवटी e^π > π^e]

मधली पायरी सावकाश पाहा. दोन्ही बाजूंना eπ ने गुणलं. डावीकडचा e छेदासकट गेला आणि ln e च्या शेजारी π उरला. उजवीकडे ln π च्या शेजारी e उरला. लॉगच्या शेजारचा गुणक म्हणजे घातांक. घाईत इथे e आणि π उलटसुलट बसतात आणि बरोबर आकृतीवरून चुकीचं उत्तर लिहिलं जातं. तपासायला २ आणि ३ ची जोडी चांगली. ३ ची उंची जास्त आहे, आणि ३ ज्याचा पाया आहे ती संख्या, म्हणजे ९, मोठी आहे. वक्रावर उंच असलेला आकडा पाया झाला की जिंकतो, एवढं लक्षात ठेवलं तर गोंधळ होत नाही.

आता कॅल्क्युलेटर काढायला हरकत नाही. e^π साधारण २३.१४ आणि π^e साधारण २२.४६. फरक फक्त तीन टक्क्यांचा! इतका कमी का, हेही वक्रच सांगतो. माथ्याजवळ तो जवळजवळ सपाट आहे. e ची उंची ०.३६७९ आणि π ची ०.३६४४, म्हणजे अंतर फक्त ०.००३५. याला eπ ने, म्हणजे साधारण ८.५४ ने गुणलं की दोन्ही लॉगमधला फरक मिळतो, ०.०३. आणि लॉगमध्ये ०.०३ चा फरक म्हणजे मूळ संख्यांमध्ये जवळपास तीन टक्के. डोक्यात अंदाज बांधून या प्रश्नाचं उत्तर का मिळत नाही, ते इथे दिसतं. π माथ्यापासून फार लांब गेलेलाच नाही.

आता या सिद्धतेत π चं काय काम होतं ते पुन्हा पाहा. त्याचा वर्तुळाशी असलेला संबंध कुठे वापरला? कुठेच नाही. आपण फक्त एवढं वापरलं, की π धन आहे आणि e च्या बरोबर नाही. म्हणजे π च्या जागी कुठलीही धन संख्या x घ्या. ती e नसेल, तर e^x हा x^e पेक्षा मोठाच. x = २ घेतला तर ७.३९ विरुद्ध ६.५८. x = १० घेतला तर २२,०२६ विरुद्ध ५२३. प्रश्न प्रसिद्ध झाला तो π च्या नावावर, पण त्यातला सगळा जोर e चा आहे.

e जोडीतून बाजूला काढला की मात्र सावध राहावं लागतं. दोन्ही संख्या e च्या उजवीकडे असतील तर आपण उतरणीवर आहोत, लहान संख्येची उंची जास्त, तिला पाया करा. दोन्ही e च्या डावीकडे असतील तर उलट. एक डावीकडे आणि एक उजवीकडे असेल, तर नुसत्या बाजू पाहून काहीच सांगता येत नाही.

[पडद्यावर: π च्या उंचीवरून डावीकडे सरकणारी आडवी रेषा]

π च्या उंचीवर एक आडवी रेषा ओढू. ती माथ्याच्या डावीकडे वक्राला आणखी एका ठिकाणी छेदते, साधारण २.३८२ ला. त्याच्या अलीकडचा २.३ घ्या. २.३^π येतो १३.६९ आणि π^२.३ येतो १३.९१. π पाया असलेली बाजू जिंकली. आता पलीकडचा २.४ घ्या. २.४^π येतो १५.६५ आणि π^२.४ येतो १५.६०. निकाल फिरला.

अशा समान उंचीच्या जोड्यांमध्ये a^b आणि b^a बरोबर असतात. दानिएल बेर्नुली यांनी १७२८ मध्ये गोल्डबाख यांना लिहिलेल्या पत्रात हा प्रश्न आहे. दोन वेगळे धन पूर्णांक घ्यायचे म्हटले तर २ आणि ४ ही एकच जोडी मिळते. अपूर्णांक चालणार असतील तर अशा जोड्या अगणित आहेत, आणि त्या एका साच्यातून निघतात.

[पडद्यावर: (1 + 1/n)^n आणि (1 + 1/n)^(n+1)]

n = १ ठेवला की २ आणि ४. n = २ ठेवला की ९/४ आणि २७/८. n वाढेल तशी डावीकडची संख्या वर सरकते, उजवीकडची खाली, आणि दोघीही दोन बाजूंनी e कडे, वक्राच्या माथ्याकडे येतात. e ची ओळख ज्या (1 + 1/n)^n ने करून दिली जाते, तीच राशी इथे हजर आहे.

n = ३ ठेवला की ६४/२७ आणि २५६/८१ मिळतात, म्हणजे साधारण २.३७० आणि ३.१६०. प्राचीन इजिप्तच्या ऱ्हाइंड पपायरसमध्ये ९ व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ८ बाजूच्या चौरसाएवढं धरलेलं आहे, आणि त्यावरून π ची किंमत निघते ती अगदी हीच, २५६/८१. हा निव्वळ योगायोग आहे. पण π इतकाच असता तर त्याची डावीकडची जोडीदार संख्या नेमकी ६४/२७ निघाली असती. खरा π त्याहून थोडा लहान, माथ्याच्या थोडा जवळ आहे, म्हणून त्याची जोडीदारही माथ्याकडे थोडी सरकते आणि २.३७० च्या जागी २.३८२ येते.