निदान, शिक्का आणि माणूस

श्रोतेहो, नमस्कार. रक्तातली साखर मोजता येते आणि मोडलेले हाड एक्स-रेमध्ये दिसते. स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे भास आणि खोटे संशय येणाऱ्या आजाराचे, किंवा नैराश्याचे निदान मात्र रुग्णाशी व त्याच्या घरच्यांशी बोलून आणि त्याचे वागणे पाहूनच करावे लागते. मग एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांनी तपासले, तर दोघांचे निदान जुळेल का?

1960 च्या दशकात न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे निदान लंडनपेक्षा फार जास्त होत होते. हा फरक रुग्णांमध्ये आहे की डॉक्टरांमध्ये, हे शोधण्यासाठी दोन्ही देशांतील संशोधकांनी एकत्र येऊन नव्याने दाखल झालेल्या रुग्णांना एकाच पद्धतीने, ठरावीक प्रश्न विचारून तपासले, तेव्हा तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. पुढे याच संशोधकांनी काही रुग्णांच्या मुलाखतींचे चित्रीकरण दोन्हीकडच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवले. त्यात तिशीतला एक अविवाहित तरुण होता. त्याचा एक हात शारीरिक कारण नसताना लुळा पडला होता, तो दारू पीत असे आणि त्याची मनःस्थिती सारखी बदलत असे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे असे 69 टक्के अमेरिकी डॉक्टरांना वाटले, तर ब्रिटिश डॉक्टरांपैकी फक्त 2 टक्क्यांना. चित्रीकरण तेच, रुग्णही तोच; ‘स्किझोफ्रेनिया’ कशाला म्हणायचे याची व्याख्या मात्र अमेरिकेत फार सैल होती.

यातून धडा घेऊन 1980 मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेने कोणती लक्षणे, किती आणि किती काळ असली म्हणजे कोणते निदान करायचे, याचे काटेकोर निकष आपल्या निदानाच्या नियमावलीत ठरवले. त्याने परिस्थिती पुष्कळ सुधारली, तरी प्रश्न संपला नाही. त्याच नियमावलीच्या पाचव्या आवृत्तीच्या वेळी एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासून त्यांची निदाने ताडून पाहिली गेली. योगायोगानेच जुळणारी निदाने वजा करून जो आकडा उरतो, तो पूर्ण एकमत असेल तर 1 आणि निव्वळ योगायोग असेल तर 0 येतो. आघातानंतरच्या तणावविकाराबाबत तो 0.67 आला, पण रोज ऐकू येणाऱ्या तीव्र नैराश्याबाबत अवघा 0.28. नैराश्यात चिंता, व्यसन, शारीरिक दुखणे हे सगळे एकमेकांत मिसळलेले असते, आणि कोणता डॉक्टर कशाला आधी महत्त्व देतो यावर निदान ठरते.

येथे एक समजूत दूर केली पाहिजे. निदान अचूक झाले की ‘मनोरुग्ण’ म्हणून बसणाऱ्या शिक्क्याचा त्रास आपोआप थांबेल, असे अनेकांना वाटते; मला ते पटत नाही. 1971 मध्ये अमेरिकेत अमेरिगो फरिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसिक आजारातून सावरलेल्या पुरुषांवर एक प्रयोग केला. ‘तुम्ही मनोरुग्ण होता हे समोरच्याला ठाऊक आहे,’ असे त्यांतील निम्म्यांना सांगितले गेले, प्रत्यक्षात समोरच्या माणसाला तशी काहीच कल्पना नव्हती. तरीही या लोकांना आपली कदर होत नाही असे वाटले, दिलेले काम त्यांना अवघड गेले, आणि तिऱ्हाईत निरीक्षकालाही ते अधिक ताणलेले दिसले. म्हणजे कोणी हिणवण्याआधीच, हिणवले जाण्याच्या भीतीने माणूस खचला होता.

शिक्क्यामुळेच आजार जडतो आणि टिकतो, असे टोकाचे मत काही समाजशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात मांडले होते. ते मला मान्य नाही, कारण भास आणि संशय बहुधा डॉक्टरकडे जाण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असतात. मात्र आजाराची पुढची वाट शिक्का बदलू शकतो. आपल्याकडे मुलीचे स्थळ पाहताना तिचा आजार लपवला जातो. सासरी गेल्यावर गोळ्यांची पाकिटे कोणाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून ती गोळ्या बंद करते, काही महिन्यांत आजार उलटतो आणि मग ‘हा रोग बरा होतच नाही’ असे सगळे म्हणू लागतात. येथे निदान बरोबर होते आणि औषधही लागू पडत होते; घात केला तो लपवण्याने.

कायद्याने यावर काही विचार केला आहे. पत्नीला स्किझोफ्रेनिया आहे म्हणून घटस्फोट मागणाऱ्या पतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये स्पष्ट केले की, आजाराचे नाव पुरेसे नाही, त्याची तीव्रता किती आहे हे पाहिले पाहिजे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 म्हणतो की, पूर्वी उपचार घेतले किंवा रुग्णालयात राहावे लागले, एवढ्यावरून आज कोणाला मानसिक आजार आहे असे ठरवता येणार नाही. तेव्हा घरच्या कोणाचे असे निदान झाले, तर ते कोणत्या लक्षणांवरून केले, डॉक्टरांना त्याची कितपत खात्री आहे आणि पुन्हा तपासून ते कधी पाहणार आहेत, हे आवर्जून विचारा, आणि उत्तर फाइलमध्ये लिहून घ्या.